कोको बीपासून येतो का? आंबवणं, भाजणं आणि त्याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

चॉकलेट घरी करायला घेतलेले लोक, बेकिंगवाले, आणि नुसतेच कुतूहल असलेले, सगळे फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. भर मुद्दामच आंबवण्यावर दिलाय, कारण भाजण्याबद्दल सगळे बोलतात आणि त्याच्या आधीच्या आठवड्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

कोको खरंच बीनपासून येतो का?

बीपासून येतो, पण ती बी म्हणजे शेंगेतलं कडधान्य नाही. राजमा, चवळी, सोयाबीन ही सगळी शेंगांच्या कुळातली, कोकोचं झाड त्या कुळातलंच नाही, ते भेंडी आणि कापूस ज्या कुळात येतात त्यातलं आहे. शास्त्रीय नाव थिओब्रोमा काकाओ. फुलं आणि फळं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात, पहिल्यांदा फोटो बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी चिकटवलीत. फुलापासून पिकलेलं फळ व्हायला साधारण पाच-सहा महिने लागतात. फळ लांबट, जाड सालीचं, फोडलं की आत मधल्या दांड्याभोवती ओळीने ३० ते ४० बिया, आणि प्रत्येक बीवर पांढरा, चिकट, आंबटगोड गर. कोको बीन म्हणतात ती ही बी. कॉफीचंही तसंच आहे, तीही फळातली बीच, पण बीन हे नाव दोघांनाही चिकटलंय आणि आता ते काही सुटत नाही.

मग फळातून काढलेली ताजी बी खाल्ली तर चॉकलेटसारखी लागते का?

अजिबात नाही. वरचा गर चोखायला मस्त लागतो, पण बी चावली की तोंड वाळतं, तुरट आणि कडू. आडवी कापून बघितली तर बहुतेक जातींची बी आतून गडद जांभळी दिसते, क्रिओयो नावाच्या जातीची मात्र पांढुरकी. ना तो तपकिरी रंग, ना तो वास. आता ही ताजी बी तशीच उन्हात वाळवली आणि भाजली तरी चॉकलेट होत नाही, आणि सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. भाजताना जो वास तयार होतो त्याला लागणारा कच्चा माल ताज्या बीत नसतोच, तो आंबवण्याच्या दिवसांत बीच्या आत तयार होतो.

आंबतं नक्की काय, बी की गर?

आंबतो गर. बीच्या आत जे होतं त्याला आंबणं म्हणणंही तसं बरोबर नाही, तिथे बीचे स्वतःचेच एन्झाइम काम करत असतात. बाहेर गरावर यीस्ट आणि बॅक्टेरिया साखर खातात, त्यातून अल्कोहोल, आम्ल आणि उष्णता तयार होते, ते सगळं सालीतून आत शिरतं, बी मरते, आणि मग आतली खरी उलथापालथ सुरू होते. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

बाहेरून विरजण वगैरे घालावं लागतं का, असंही विचारतात. सहसा नाही. जंतू फळाच्या सालीवरून, कापणाऱ्याच्या हातावरून, सुरीवरून, केळीच्या पानांवरून, जुन्या लाकडी पेट्यांतून आपोआप येतात. तयार कल्चर वापरणारे आहेत, पण जगातला बहुतेक कोको अजूनही असाच, जे येईल त्याच्यावर आंबतो.

पेटीत दिवसागणिक काय होतं ते नीट सांगा ना

समजा एका लाकडी पेटीत १०० किलो ओल्या बिया गरासकट भरल्यात. पेटीच्या तळाला भोकं आहेत, वर केळीची पानं किंवा गोणपाट. (पश्चिम आफ्रिकेत, घाना आणि आयव्हरी कोस्टकडे, बरेच शेतकरी पेटी न वापरता केळीच्या पानांवर ढीग करून तो पानांनीच झाकतात, तत्त्व तेच.)

पहिला दिवस यीस्टचा. गर आंबट असतो, बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या, मधे हवा जवळजवळ नाही, आणि यीस्टला नेमकं हेच चालतं. ते साखरेचं अल्कोहोल करतात आणि गराला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन तोडतात, त्यामुळे गर पातळ होऊन तळाच्या भोकांतून पांढरट पाणी गळायला लागतं. वास फळासारखा, थोडा वाइनकडे झुकणारा. सोबतीला लॅक्टिक आम्ल करणारे बॅक्टेरियाही असतात.

गर वाहून गेला की बियांमध्ये फटी पडतात आणि हवा आत येते, मग दुसऱ्या दिवसाच्या आसपास ॲसिटिक बॅक्टेरिया जोर धरतात. हे अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरमधलं जे मुख्य आम्ल तेच. या कामात उष्णता भरपूर निघते, पेटीचं मधलं तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत चढतं. हात घातला तर चटकन बाहेर काढावासा वाटतो आणि झाकण उचललं की व्हिनेगरचा भपकारा नाकात जातो. साधारण ४८ तासांनी बिया उलटतात, म्हणजे एका पेटीतून दुसरीत ओततात. कडेच्या बिया थंड राहिलेल्या असतात त्या मधे जाव्यात आणि सगळीकडे हवा पोचावी म्हणून. हे नाही केलं तर एकाच पेटीतल्या काही बिया छान आणि काही कच्च्या निघतात, आणि वाळल्यावर त्या वेगळ्या करणं जवळजवळ अशक्य असतं.

चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत बाहेरून बिया तपकिरी, फुगीर, गर जवळपास संपलेला. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान काढतात, क्रिओयो असेल तर बरंच लवकर, दोन-तीन दिवसांतच.

एक भानगड लक्षात घ्या, एवढासा डबाभर माल घेतला तर हे नीट होत नाही. ढीग लहान असेल तर उष्णता निसटून जाते, तापमान चढतच नाही, आणि बुरशी आधी येते. दोन-चार फळांच्या बिया डब्यात ठेवून बघणाऱ्यांची बहुतेकदा इथेच फसगत होते, बाहेरून ऊब दिल्याशिवाय जमत नाही.

बी मरते म्हणजे काय, आणि त्याने चवीला काय फरक पडतो?

खूप पडतो. जिवंत बीत प्रत्येक गोष्ट आपापल्या कप्प्यात बंद असते. प्रथिनं एकीकडे, ती तोडणारे एन्झाइम दुसरीकडे, आणि ते जांभळे तुरट पॉलिफिनॉल वेगळ्याच पेशींत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उष्णता आणि ॲसिटिक आम्ल आत पोचतं, बी मरते, कप्प्यांच्या भिंती फुटतात आणि सगळा ऐवज एकमेकांत मिसळतो.

मग तीन कामं एकाच वेळी चालू होतात. एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करतात, त्यातून लहान पेप्टाइड आणि सुटी अमिनो आम्लं मिळतात. दुसरा एक एन्झाइम नेहमीच्या साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करतो, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण भाजताना अमिनो आम्लांशी जमतं ते या दोघांचं, अखंड सुक्रोजचं नाही. तिसरं म्हणजे पॉलिफिनॉलचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येतो, ते एकमेकांना आणि प्रथिनांना जोडले जाऊन मोठे होतात, जांभळा रंग जाऊन तपकिरी येतो आणि तुरटपणा बराच उतरतो. थोडा कडवटपणा बाहेर झिरपूनही जातो.

यात आम्लाचं प्रमाणही बेतात लागतं. आम्ल आत गेल्याशिवाय बी मरत नाही हे खरं, पण फार लवकर फार जास्त आम्ल घुसलं तर ते एन्झाइमच नीट काम करत नाहीत, मग प्रथिनं अर्धवट तुटतात, आणि अशी बी भाजल्यावर आंबट लागते पण चॉकलेटपणा फिका. म्हणजे जितकं आंबेल तितकं चांगलं, असं काही नसतं.

बी न मरता तिला कोंब फुटला तर? कोंब साल फोडून बाहेर येतो, नंतर वाळून गळून पडतो आणि तिथे भोक राहतं. त्या भोकातून बुरशी आणि किडे आरामात आत जातात. म्हणून कोंब आलेली बी हा मालातला दोषच धरतात.

नीट आंबलंय हे कळतं कसं?

बी कापून. व्यापारात याला कट टेस्ट म्हणतात आणि ती इतकी साधी आहे की घरीही होते. वाळलेल्या मालातून ३०० बिया न निवडता, जशा हाताला येतील तशा घेतात, प्रत्येक बी लांबीच्या दिशेने मधोमध चिरतात आणि दोन्ही अर्ध्या उजेडात ठेवून बघतात.

नीट आंबलेली बी आतून तपकिरी असते आणि तिच्यात वळणावळणाच्या भेगा दिसतात, दाबली की तुकडे सुटे होतात. जांभळी राहिलेली म्हणजे अर्धवट आंबलेली, थोड्या असतील तर चालून जातं. आणि राखाडी, पाटीसारखी सपाट, सुरीला रबरासारखी लागणारी बी आली की समजायचं ही आंबलीच नाही, हिला इंग्रजीत स्लेटी म्हणतात आणि आपल्याकडचे लोकही तेच म्हणतात. बुरशी, किडे, कोंब हेही त्याच वेळी मोजून टाकतात.

उलट बाजूही आहे. जास्त दिवस ठेवलं की ॲसिटिक बॅक्टेरियांचं खाणं संपतं, दुसरे बॅक्टेरिया आणि बुरशी येतात, आणि व्हिनेगरचा वास जाऊन अमोनियासारखा, कुजकट वास येतो. हा वास भाजूनही जात नाही, तो माल गेला. त्यामुळे पेटीजवळचा माणूस घड्याळापेक्षा नाकावर जास्त चालतो, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

वाळवणं म्हणजे नुसतं पाणी उडवणं ना?

नाही, आतलं काम वाळवतानाही चालूच असतं. रंग तपकिरी होण्याचा बराच भाग इथे होतो आणि ॲसिटिक आम्ल हळूहळू बाहेर उडतं. उन्हात आठवडाभर किंवा थोडं जास्त लागतं, पहिले दिवस वारंवार फिरवावं लागतं, शेवटी ओलावा ७ टक्क्यांच्या आसपास आणायचा. त्याच्यावर राहिला तर पोत्यात बुरशी धरते, फार खाली गेला तर साल ठिसूळ होऊन बिया फुटतात. १०० किलो ओल्या बियांतून वाळून हातात येतात साधारण ३५ ते ४० किलो.

घाईघाईने गरम हवेने वाळवलं तर बाहेरची साल आधी कडक होते आणि आम्ल आत अडकतं. आणि लाकडाच्या धुरावर वाळवलं तर धूर बीतल्या चरबीत मुरतो, तो पुढे कुठल्याही प्रोसेसने निघत नाही.

आता भाजण्याबद्दल. भाजल्यावर नक्की काय होतं?

आंबवताना साठवलेली अमिनो आम्लं आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज इथे एकमेकांशी भिडतात, याला मेयार्ड रिॲक्शन म्हणतात, ब्रेडचा कड तांबूस होतो तीच. त्यातून पायरॅझिन नावाची संयुगं तयार होतात, भाजल्याचा, सुक्या मेव्यासारखा वास त्यांचा, आणि काही अल्डिहाइड तयार होतात ज्यांचा वास थेट चॉकलेटकडे, मधाकडे, फुलांकडे जातो. जोडीला उरलंसुरलं ॲसिटिक आम्ल उडतं, ओलावा ७ वरून २-३ टक्क्यांपर्यंत येतो, आणि साल सुटी होते, जी नंतर फोडून आणि वाऱ्याने उडवून काढतात. सालीशिवाय उरलेले तुकडे म्हणजे निब्स.

तापमान साधारण १२० ते १४० अंश, वेळ १५ ते ३० मिनिटं, बीच्या आकारावर आणि मशीनवर बरंच अवलंबून. कॉफी २०० च्या वर जाते, कोको तिथे नेला तर नुसती राख आणि कडवटपणा उरेल.

घरच्या ओव्हनमध्ये एक किलो भाजायचाय, कसा करू?

आधी निवडा. चपट्या, फुटक्या, जोडून बसलेल्या, बुरशीच्या बिया बाजूला काढा, आणि जमलं तर लहान-मोठ्या वेगळ्या करा, कारण मोठी भाजेपर्यंत लहान करपते आणि एक करपलेली मूठ सगळा लॉट कडू करते. दोन ट्रेमध्ये एकाच थरात पसरा. ओव्हन १३० अंशांवर आधीच तापवून घ्या, ट्रे ठेवा, दर पाच मिनिटांनी हलवा आणि ट्रेची जागा बदला.

पहिली दहाएक मिनिटं नाकाला झोंबणारा आंबट वास येईल, घाबरू नका, ते आम्ल बाहेर पडतंय आणि हवंच आहे, खिडकी उघडा. नंतर वास गोलसर होत जातो, केक भाजताना येतो तसा, आणि मधेमधे बिया तडतडतात. तडतड ऐकू आली की एक बी काढा, गार होऊ द्या, बोटांत चुरडा. साल सहज निघाली, आतला तुकडा कटकन तुटला, आणि चावल्यावर आधी आंबट न लागता चॉकलेट लागलं तर झालं. साल चिकटून असेल तर अजून तीन-चार मिनिटं. धुराचा किंवा जळकट वास येईपर्यंत थांबलात तर उशीर झालाय. बाहेर काढल्यावर लगेच गार ट्रेवर पसरा आणि पंखा लावा, ढीग करून ठेवलं तर आतल्या उष्णतेने भाजणं पुढे चालूच राहतं.

पहिल्यांदा करताना मी सांगेन की थोडं कमीच भाजा. कमी भाजलेलं परत ओव्हनमध्ये घालता येतं.

स्वच्छतेचं एक राहिलं. वाळवलेल्या बियांवर साल्मोनेला असू शकतो, त्या जमिनीवर, गोण्यांत, प्राण्यांच्या वावरात असतात. कच्च्या बिया हाताळल्यावर हात धुवा आणि भाजलेल्या बिया परत त्याच न धुतलेल्या ट्रेमध्ये टाकू नका. कोरड्या वस्तूत हा जंतू उष्णतेला बराच चिवट असतो, म्हणून कारखान्यात या पायरीचं तापमान आणि वेळ काटेकोर तपासून ठरवतात, घरी अंदाजे भाजून तशी खात्री मिळत नाही.

बिया कमी आंबलेल्या निघाल्या, जास्त भाजल्या तर भरून निघेल का?

नाही. अमिनो आम्लं आणि साध्या साखरा आतमध्ये पुरेशा नसतील तर तापमान वाढवून फक्त करपट चव मिळते, तुरटपणा तर राहतोच. उलट करता येतं थोडंफार, म्हणजे माल जरा आंबट असेल तर हळू आणि जास्त वेळ भाजून आम्ल कमी करता येतं. पण जे तयारच झालं नाही ते ओव्हनमध्ये तयार होणार नाही. अशा बिया चॉकलेटमागे न लावता कोको बटरसाठी वापरतात, चरबी आंबवण्याने बनत नाही, ती बीत आधीपासूनच असते, निब्सच्या वजनाच्या निम्म्याहून थोडी जास्तच.

'रॉ' कोको म्हणजे न आंबवलेला का?

बहुतेक वेळा नाही, आंबवलेलाच असतो, फक्त भाजलेला नसतो किंवा अगदी कमी तापमानात ठेवलेला असतो. आणि आंबवतानाच पेटी ५० अंशांपर्यंत गेलेली असते, त्यामुळे ४०-४२ च्या वर कधीच तापला नाही असा दावा वाचला की माझी भुवई वर जाते. खरंच न आंबवलेला असेल तर पॉलिफिनॉल जास्त असतात, पण चव तशीच तुरट. आणि भाजलेला नाही म्हणजे जंतू मारायची ती पायरीही झालेली नाही, हे लेबलवर कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही.

पावडर जितकी काळी तितकी जास्त भाजलेली, बरोबर?

चूक. काळपट रंग बहुतेकदा अल्कलीचा असतो. निब्स किंवा पावडरवर पोटॅशियम कार्बोनेटसारखं अल्कली वापरतात, त्याने आंबटपणा जातो आणि रंग गडद होतो, याला डच प्रोसेस म्हणतात. नाव नेदरलँड्सवरून, पद्धत तिथल्याच व्हॅन हाउटेन घराण्याची, १८२८ मध्ये दाबून चरबी काढायच्या प्रेसचं पेटंटही त्यांचंच. निब्स दळले की पातळ लगदा होतो, तो दाबला की कोको बटर वेगळं होतं आणि उरलेली पेंड कुटून पावडर करतात. बेकिंग करताना एवढं बघा, की साधी पावडर आंबट असते म्हणून ती खाण्याच्या सोड्याला फुलवते, डच पावडर तसं करत नाही, तिच्याबरोबर बेकिंग पावडर लागते.